पत्रास कारण की...

पत्रलेखन हा विषय मी गेली अठरा वर्षे शिकवीत आलो आहे. थोरांस 'तीर्थरूप' आणि धाकट्यांस 'चिरंजीव' का लिहावे, मायन्यात काय यावे, मजकूर मुद्देसूद कसा ठेवावा, हे सारे व्यावहारिक मराठीच्या तासाला मी दर वर्षी त्याच उत्साहाने सांगतो. मुले ते वहीत उतरून घेतात आणि परीक्षा आटोपली की विसरून जातात. त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही. पण 2025 च्या जून महिन्यात मला स्वतःला एक खरेखुरे पत्र लिहावे लागले, आणि तीन वेळा फाडून चौथ्यांदा लिहिल्यावरही त्याला पस्तीसच्या वर गुण द्यावेत असे माझ्यातल्या मास्तराला वाटेना!

पत्र दोघांना होते. थोरला भाऊ बंगळूरला आणि धाकटी बहीण नागपूरला. बहिणीने चाळिशी गाठली तरी घरात ती अजून 'बेबी'च आहे. आईवडील पुण्यात माझ्याजवळ असतात. म्हणजे खरे तर मी त्यांच्याजवळ असतो. घर अण्णांचेच आहे. हे वाक्य मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पहिल्या मसुद्यात मी ते सोयीस्करपणे विसरलो होतो.

पत्रास कारण की, अण्णांनी एक खेप चुकवली होती.

खेप म्हणजे डायलिसिसची खेप. अण्णा एकोणऐंशी वर्षांचे आहेत. दोन्ही मूत्रपिंडांनी काम सोडल्यामुळे 2023 पासून सोमवार, बुधवार आणि शुक्रवार असे आठवड्यातले तीन दिवस त्यांचे रक्त यंत्रातून शुद्ध करून घ्यावे लागते. एका खेपेला चार तास लागतात. त्यासाठी डाव्या हातातली एक धमनी आणि एक नीला शस्त्रक्रियेने जोडून दिली आहे. त्या हाताने पिशवी उचलायची नाही, त्या हाताला रक्तदाबाचा पट्टाही बांधू द्यायचा नाही. उरलेल्या दिवसांत पाणी मोजून प्यायचे. आमच्या सौ.ने एका लिटरच्या बाटलीवर दोऱ्याच्या खुणा बांधल्या आहेत. चहा झाला की तेवढे पाणी ती बाटलीतून काढून टाकते. अण्णा या बाटलीला 'रेशनिंग ऑफिस' म्हणतात.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी अण्णा म्हणाले, "आज यंत्र बंद आहे. सोमवारी या म्हणालेत." मी विश्वास ठेवला. चाळीस वर्षे शाळेत शिकवलेला माणूस यंत्राच्या नावावर थाप मारील असे कुणाला वाटेल? रविवारी रात्री त्यांना आडवे होता येईना. उशीला उशी लावून बसवले तरी धाप थांबेना. घोट्यावर बोट दाबले तर खळगा तसाच राहत होता. तेव्हा मला सुचले, आणि त्यांना काट्यावर उभे केले. खेप झाल्यावर त्यांचे वजन अठ्ठावन्न किलो असते. पुढच्या खेपेपर्यंत ते दोन किलोंनी वाढते. त्या रात्री काट्याने साडेबासष्ट दाखवले. ती वरची साडेचार किलो म्हणजे अन्न नव्हते. ते पाणी होते, आणि त्यातले काही फुफ्फुसांत उतरले होते.

रुग्णालयात रातोरात डायलिसिस झाले, दोन दिवस अतिदक्षता विभागात काढले, आणि एकेचाळीस हजारांचे बिल घेऊन आम्ही परतलो. मग हळूहळू उलगडा झाला. घरी अण्णांनी यंत्र बंद असल्याचे सांगितले होते आणि केंद्रावर फोन करून घरी सत्यनारायण असल्याचे! एका खेपेचे 1,200 रुपये आणि रिक्षाचे जाऊन-येऊन 160. असे 1,360 रुपये त्यांनी आमच्यासाठी वाचवले होते.

"महिन्याकाठी एखादी खेप सोडली तर तुला जरा श्वास घ्यायला मिळेल, असं वाटलं," ते म्हणाले. श्वास हा शब्द त्यांनी विचार करून वापरला नसावा.

त्या रात्री मी पत्राला बसलो.

फोन का केला नाही, असे तुम्ही विचाराल. फोन मी यापूर्वी केले होते. फोनवर पैशाचा विषय निघाला की दोन्हीकडून आवाज मऊ होतात. "तू काही काळजी करू नकोस," असे एकजण म्हणतो आणि "तसं काही नाही रे," असे दुसरा म्हणतो, आणि फोन ठेवल्यावर कुणी कशाची काळजी करायची नाही हे दोघांनाही कळत नाही. घरच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या समूहावर लिहावे, तर तिथे सकाळच्या फुलांच्या चित्रांखाली वडिलांच्या औषधांचे बिल टाकणे मला जमेना. शिवाय त्या समूहावर अण्णाही आहेत.

पहिला मसुदा चार पाने झाला. भाषा उत्तम होती. गेल्या दोन वर्षांत मी काय काय केले याचे त्यात मोठे हृदयस्पर्शी वर्णन होते. आई न्हाणीघरात पडली तेव्हाच्या शस्त्रक्रियेसाठी मी भविष्यनिर्वाह निधीतून काढलेले पैसे तारखेसह दिले होते. सौ.ने तो वाचला आणि विचारले, "हे मागणं आहे की आरोपपत्र?" मी म्हणालो, वस्तुस्थिती आहे. ती म्हणाली, "मग मागच्या वस्तुस्थितीचे पैसे मागायचे आहेत की पुढच्या औषधांचे? दोन्ही एका पत्रात मागाल तर ते मागच्यावर भांडतील आणि पुढचं राहून जाईल." मी मसुदा फाडला. मागची बाकी मी त्याच रात्री मनातल्या मनात सोडून दिली, असे मी तिला सांगितले. ती पूर्ण सुटायला पुढे बरेच दिवस लागले.

दुसऱ्या मसुद्यात आकडे नव्हते, नुसताच 'जमेल तसा हातभार लावावा' होता. तो मी स्वतःच फाडला. जमेल तसा म्हणजे किती, हे ज्याला ठरवावे लागते तो बिचारा एकतर लाजेने जास्त पाठवतो आणि तीन महिन्यांत थांबतो, किंवा कमी पाठवून वर्षभर ओशाळत राहतो. तिसऱ्याला तीर्थरूपाने अडवले. एकच पत्र, एक वाचणारा थोरला आणि एक धाकटी. 'तीर्थरूप दादास' लिहून खाली पैसे मागायचे, म्हणजे देवापुढे नारळ ठेवून उसनवारी मागण्यासारखे वाटे. शेवटी मी नुसते 'प्रिय दादा आणि बेबी' लिहिले. विद्यार्थ्याने असे लिहिले असते तर मी मायन्याचा एक गुण कापला असता.

चौथ्या पत्रात आधी हिशेब मांडला. डायलिसिसच्या महिन्याला बारा खेपा, त्यांचे 14,400. रिक्षा 1,920. अण्णांचे रक्त वाढवण्याचे इंजेक्शन, महिन्याचे सुमारे 5,000. मूत्रपिंडे बिघडली की शरीरात रक्त तयार करण्याची सूचनाही नीट जात नाही, म्हणून ते लागते. दोघांची औषधे, आईच्या इन्सुलिनसकट, 6,500. तपासण्या 1,800. आणि सर्वांत मोठा आकडा आजाराचा नव्हेच: आईला उठवण्या-बसवण्यासाठी दिवसभर येणाऱ्या मावशींचे, रोजचे 800 प्रमाणे 24,000. एकूण 53,620.

त्यानंतर अण्णांचे स्वतःचे पैसे मांडले, कारण ते आधी मोजायला हवेत. निवृत्तिवेतन 27,000. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत त्यांनी ठेवलेल्या पाच लाखांचे व्याज तीन महिन्यांनी 10,250, म्हणजे महिन्याला 3,400 धरा. यातून 3,000 मी बाजूला काढले आणि त्यापुढे लिहिले, 'अण्णांच्या हातात'. हे तीन हजार कुणालाही विचारता येणार नाहीत. त्यातून ते वर्तमानपत्र घेतील, नातवंडांना चॉकलेटे देतील किंवा सत्यनारायण घालतील. खिशात स्वतःचा पैसा नसलेला माणूस कशात काटकसर करतो हे मी मे महिन्यात पाहिले होते. उरलेले 27,400 जमेस धरले, तर तूट 26,220 ची येत होती. ती तिघांत सारखी वाटता आली असती. पण दादाची, माझी आणि बेबीची मिळकत ढोबळमानाने तीनास दोनास एक अशी आहे. म्हणून सहा भाग करून दादाने तीन, मी दोन आणि बेबीने एक उचलावा असे सुचवले. दोन्ही रीतींनी माझा वाटा तेवढाच येत होता, 8,740. म्हणूनच ही रीत सुचवण्याचे धैर्य मला झाले, हे इथे कबूल करायला हरकत नाही.

आणि सर्वांत शेवटी तीन वाक्ये, कसलेही विशेषण न वापरता: 'मे महिन्यात अण्णांनी पैसे वाचवण्यासाठी एक खेप चुकवली. तुम्हांला हे कळू नये अशी त्यांची इच्छा आहे. तरी मी कळवीत आहे.'

कागदावर लिहिले, छायाचित्र काढले आणि दोघांना वेगवेगळे पाठवले. निळ्या खुणा पाच मिनिटांत उमटल्या. उत्तर चार दिवस आले नाही.

त्या चार दिवसांत मी माणूस म्हणून फार खालच्या पायरीला गेलो. शिक्षकांच्या खोलीत आमच्या राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांकडे सहज म्हणून कायद्याचा विषय काढला. त्यांनी सांगितले की मुलीवरही, ती विवाहित असली तरी, आईवडिलांच्या पोषणाची जबाबदारी येते हे सर्वोच्च न्यायालयाने 1987 सालीच स्पष्ट केले आहे. आणि 2007 च्या कायद्याप्रमाणे मुलांकडून निर्वाहखर्च मिळवून देणारे न्यायाधिकरणही आहे. मी जरा सावरून बसलो. तेव्हा ते पुढे म्हणाले, "पण अर्ज तुमचा चालणार नाही. हक्क आईवडिलांचा आहे. अर्ज त्यांनी करायचा, नाहीतर त्यांनी अधिकार दिलेल्याने. आणि त्या कायद्यात महिना 10,000 च्या वर रक्कम मंजूर होत नाही." म्हणजे अण्णांपुढे कागद ठेवून सांगायचे, की आपल्या मुलांविरुद्ध इथे सही करा. मी चहा अर्धा टाकून तासाला गेलो.

पाचव्या दिवशी दादाचा फोन आला. आवाज मऊ नव्हता.

"तुझा हिशेब चुकलाय," तो म्हणाला. "महिन्याला बारा खेपा कशा? आठवड्याला तीन म्हणजे वर्षाला 156. भागिले बारा. तेरा होतात."

मराठीच्या माणसाने महिना चार आठवड्यांचा धरला होता! तेराव्या खेपेचे 1,360 मिळवल्यावर महिन्याचा खर्च 54,980 झाला आणि तूट 27,580. दादाने ती 27,600 धरली. वर्षाकाठी मी स्वतःलाच सोळा हजारांना बुडवीत होतो. अण्णांनी एक खेप चुकवली म्हणून मी एवढे रामायण लिहिले, आणि कागदावर मीच त्यांच्या वर्षाला बारा खेपा चुकवल्या होत्या.

मग दादा थांबला आणि म्हणाला, "आणि मी 2020 पासून दर महिन्याला पाच हजार पाठवतोय, ते तुझ्या कागदात कुठंच नाहीत. ते वाचून मी चार दिवस गप्प होतो."

मला हे ठाऊक नव्हते. अण्णांनाही नव्हते. पैसे आईच्या खात्यात जात होते. फोन ठेवून मी आईच्या खोलीत गेलो. तिने अतिशय शांतपणे सांगितले, की हो, येतात. आणि ते सगळे तिने आवर्ती ठेवीत, दादाच्या मुलीच्या लग्नासाठी टाकले आहेत.

"अगं, ते औषधांसाठी होते!"

"औषधांसाठी म्हणून पाठवले असं तो कुठं म्हणाला?" आई म्हणाली. "'आई, तुला राहू देत,' म्हणाला."

तिचे काही चुकले नव्हते. साडेपाच वर्षांचे तीन लाख तीस हजार रुपये एका खोलीत नातीच्या नावाने वाढत होते आणि पलीकडच्या खोलीत तिचे आजोबा 1,360 रुपयांसाठी पाणी अंगावर काढीत होते. कुणीही कुणाला फसवले नव्हते. दादाने दिले होते, आईने जपले होते, अण्णांनी वाचवले होते आणि मी भागवले होते. फक्त एकाचे दुसऱ्याला ठाऊक नव्हते. पत्राच्या आधी मी एक साधा प्रश्न विचारायला हवा होता: कोण काय आधीपासूनच देतो आहे? तो न विचारता मी दादाला, त्याच्या शब्दांत सांगायचे तर, 'शून्यावर बाद' दाखवले होते. मी माफी मागितली. ठेव तशीच ठेवायची ठरले. पण जुलैपासून दादाचे 13,800 औषधांच्या खात्यात येणार आणि आईचे पाच हजार त्यातच धरायचे. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

बेबीचे उत्तर सर्वांत शेवटी आले, आणि तेही लेखी. तिच्या वाट्याला 4,600 येत होते. तिने लिहिले होते, 'मी दोन हजार देऊ शकते. आमच्याकडे सासूबाईंचे अंथरुणातच आहे हे तुला ठाऊक आहे. पण मे महिन्यात शाळेला सुटी असते, तेव्हा मी महिनाभर येऊन आईचे करीन. तेवढा महिना मावशी नकोत.' दादाने लगेच गणित केले: मावशींचे 24,000 वर्षावर पसरले तर महिन्याला दोन हजार होतात, म्हणजे बेबीचे चार हजार झाले, उरलेले सहाशे तो घालील. हे मी तिला मोठ्या आनंदाने कळवले. ती म्हणाली, "घाला काय ते. पण मला रोजंदारीच्या दराने मांडलंत हे लक्षात ठेवीन."

तिच्या पत्रात पुढे दोन प्रश्न होते. पहिला असा: 'अण्णांचे सत्तरीनंतरचे आयुष्मान कार्ड काढलेस का?' मी काढले नव्हते. 29 ऑक्टोबर 2024 पासून सत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांना, मिळकत कितीही असली तरी, वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतच्या रुग्णालयातील उपचारांसाठी ते मिळू लागले होते, आणि मी मात्र ती योजना गरिबांसाठीच असल्याच्या समजुतीत आठ महिने बसून होतो. आधार कार्ड आणि फोन घेऊन बसलो तर काम अर्ध्या तासात झाले. अडचण नंतरची होती. आमच्या जवळचे केंद्र त्या योजनेच्या यादीत नाही. यादीतल्या रुग्णालयात गेलो तर तिथल्या यंत्रांच्या तिन्ही पाळ्या भरलेल्या. तिथे अण्णांचे नाव लावून ठेवले. जागा मिळाली तर 15,600 चा बोजा उतरेल. मात्र घरच्या औषधांना, रिक्षाला आणि मावशींना ते कार्ड चालत नाही, तेव्हा तिघांचा कागद फाडता येणार नाही. त्यातले आकडे तेवढे बदलतील.

दुसरा प्रश्न एका ओळीचा होता. 'वहिनीचे काय धरलेस?'

मी हिशेब पुन्हा काढला. रात्री साडेनऊचे इन्सुलिन, दोऱ्याची बाटली, मीठ वेगळे काढून केलेली भाजी, बटाटा दोनदा पाण्यात टाकून त्यातले पोटॅशियम कमी करणे, मावशी गेल्यावरचे बारा तास. यातले एकही कागदावर नव्हते. सौ.पुढे तो कागद ठेवला आणि विचारले, किती लिहू? ती भाजी निवडीत होती. म्हणाली, "पैसे लिहू नका. लिहिलेत की ते काम होतं, आणि कामाला मी रविवारची सुटी मागेन." मी हसलो. ती हसली नाही.

कागदावर आता एक रकाना वाढला आहे आणि त्यात आकडे नाहीत, तारखा आहेत. दर तीन महिन्यांनी दादा आठवडाभर येतो आणि त्या आठवड्यात आम्ही दोघे पुण्यात नसतो. पहिल्या वेळी आम्ही फार लांब नाही, वाईला गेलो. सौ. पहिला दिवसभर झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कृष्णेच्या घाटावर बसली होती आणि शेजारच्या बाईने पुढे केलेला पाण्याचा तांब्या तिने आधी डोळ्यांनी मोजला.

परतलो तेव्हा दादा निघण्याच्या तयारीत होता. तीन खेपांना तो अण्णांबरोबर गेला होता. केंद्राच्या बाहेरच्या बाकावर चार-चार तास बसला होता. त्याबद्दल तो काही बोलला नाही. फक्त हिशेबाची वही माझ्याकडे दिली. रिक्षाच्या ओळीतले 160 खोडून त्याने तिथे 190 लिहिले होते आणि शेजारी बारीक अक्षरात टिपले होते: 'येताना अण्णांना दम लागतो. रिक्षा थेट जिन्यापर्यंत आणायची.'